सेकंडहँड आयर्न : वेज सतत डावीकडे, ड्रायव्हर मात्र सरळ

तक्रार बहुतेकांची एकच असते. गोल्फच्या सेकंडहँड आयर्नचा सेट घेतला, दिसायला छान, फेसवर फारशी झीज नाही, किंमतही परवडली. ड्रायव्हर आधी जात होता तसाच सरळ जातोय. चार-पाच नंबरच्या आयर्नचंही वेगळं काही जाणवत नाही. पण नऊ नंबर किंवा पिचिंग वेज हातात घेतली की अगदी मधोमध बसलेला बॉलसुद्धा ग्रीनच्या डाव्या कडेला पडतो. मग आपण ग्रिप बदलून बघतो, स्टान्स उघडतो, उजवीकडे एम धरतो. दोन आठवडे बरं चालतं, आणि तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरही बिघडतो, कारण वेजसाठी केलेली तडजोड आता सगळ्या स्विंगमध्ये मुरलेली असते.

माझं हे असंच चार महिने चाललं होतं. पुण्यात खेळतो, हँडिकॅप अठराच्या आसपास, उंची पाच फूट साडेपाच इंच. सेट एका ओळखीच्या ओळखीतून घेतला. विकणारा म्हणाला, "एकदम स्टँडर्ड आहे." त्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही ठाऊक नसावं. पुढे जे निघालं ते सविस्तर लिहितो, कारण हा दोष ओळखायला महागडं यंत्र लागत नाही आणि सेट घ्यायच्या आधीच दहा मिनिटांत तो पकडता येतो. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

आधी एवढं बघा : लॉफ्ट वाढला की चूक वाढते का?

लाय अँगल म्हणजे सोल जमिनीवर सपाट टेकलेला असताना शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन. सात नंबरच्या आयर्नला तो साधारण ६२ ते ६३ अंश असतो. लांब आयर्नला थोडा कमी, वेजला थोडा जास्त. हा कोन तुमच्या शरीराला आणि स्विंगला जास्त पडला, तर बॉलला लागताना क्लबची टो, म्हणजे डोक्याची शाफ्टपासून लांबची बाजू, उचललेली राहते आणि हील, म्हणजे शाफ्टकडची बाजू, खाली दबते. याला अपराइट म्हणतात. कमी पडला तर उलट, टो खाली रुतते. तो फ्लॅट.

टो उचलली म्हणून बॉल डावीकडे का जावा, हे कळलं की अर्धं निदान झालंच. एक पुस्तक टेबलावर सरळ उभं धरा आणि एका बाजूने किंचित उचला. पुस्तकाचं तोंड होतं तिकडेच राहतं, डावी-उजवीकडे वळत नाही. आता तेच पुस्तक मागे कलतं करून, म्हणजे लॉफ्ट देऊन, एका बाजूने उचला. या वेळी पुस्तकाचं तोंड खालच्या बाजूकडे वळलेलं दिसेल. क्लबच्या फेसचंही तेच होतं. लॉफ्ट जितका जास्त, तितकी तीच लायची चूक बॉलला जास्त वळवते.

आकड्यांत सांगतो. समजा सेट तुम्हाला ४ अंशांनी अपराइट पडतोय. ४५ अंश लॉफ्टच्या पिचिंग वेजचा फेस जवळपास पूर्ण ४ अंश डावीकडे बघतो. १०५ यार्डांवर ते साधारण ७ यार्ड होतात. ३३ अंशांच्या सात नंबरचा फेस अडीच अंशांच्या जरा वर वळतो, २३ अंशांच्या चार नंबरचा पावणेदोन अंशांच्या आसपास. आणि साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरचा लाय तितकाच चुकलेला असला तरी त्याचा फेस पाऊण अंशच वळेल. २१० यार्डांवर तो पावणेतीन यार्डांचा फरक. माझे ड्रायव्हरचे फटके पंचवीस-तीस यार्डांत पसरलेले असतात, त्यात पावणेतीन यार्ड कुठे दिसणार? चार नंबरचे पाच यार्डही तसेच विरून जातात. वेजचे सात यार्ड मात्र लपत नाहीत, कारण वेजने आपण ग्रीन नाही, झेंडा बघत असतो.

म्हणून पहिली कसोटी ही. रेंजवर पिचिंग वेज, सात नंबर आणि चार किंवा पाच नंबर, प्रत्येकी दहा बॉल मारा आणि फक्त बॉल *निघतो* कुठल्या दिशेने ते बघा. वेज सगळ्यात डावीकडे, सात त्याहून कमी, लांब आयर्न जवळपास सरळ, असा उतरता क्रम दिसला तर संशय लायवर. उलट लांब क्लब जास्त भरकटत असतील आणि वेज सरळ जात असतील, तर तो फेस आणि स्विंगच्या वाटेचा प्रश्न आहे. तिथे लाय वाकवून काही हाती लागणार नाही. पैसे कोचकडे घालवा.

सेट कुणासाठी बनला होता?

माझ्या सेटचा उलगडा आमच्या कोर्सवरच्या एका जुन्या कॅडीने केला. मी तीन, पाच, सात, नऊ असे क्लब भिंतीला टेकवून उभे केले होते. त्याने माझा सात नंबर उचलला, बॅगेतला माझा जुना सात नंबर शेजारी धरला आणि म्हणाला, "साहेब, ही दांडी वाढवलीय." नव्या क्लबची ग्रिप जुन्यापेक्षा चांगली बोटभर वर येत होती.

घरी मोजलं. मोजायची पद्धत अशी : क्लब फरशीवर, आपण बॉलला उभं राहताना धरतो तसा, सोल टेकवून ठेवायचा. टेप शाफ्टच्या मागच्या बाजूने लावायची, तिचं एक टोक हीलपाशी फरशीला टेकलेलं, दुसरं ग्रिपच्या टोकापर्यंत. क्लब आडवा टाकून फेसच्या कुठूनही टेप लावली तर इंचभर चूक सहज होते. अलीकडच्या बहुतेक सेटमध्ये स्टीलच्या शाफ्टचा सात नंबर ३७ इंचांच्या आसपास असतो आणि नंबरागणिक अर्धा इंच कमी-जास्त होतो. जुन्या सेटमध्ये तो साडेछत्तीसही आढळतो. माझा ३८ भरला. बाकीचेही सगळे एकेक इंच जास्त.

ग्रिप कापून काढल्यावर शाफ्टच्या तोंडात बसवलेला जोड दिसला, एपॉक्सीने चिकटवलेला, इंचभर बाहेर आलेला. म्हणजे सेट एखाद्या सव्वासहा फुटी माणसासाठी कुणीतरी नीट फिट करून दिला होता. त्या माणसाला तो अगदी बरोबर बसत असणार. इंचभर लांबी आणि त्याच्या जोडीला दोन अंश अपराइट, असं उंच माणसांसाठी नेहमी करतात.

सेकंडहँड बाजारात असे सेट बरेच फिरतात. परदेशातून परतलेल्यांनी आणलेले, तिकडून मागवलेले, एकाने दुसऱ्याला दिलेले. फिटिंगचा कागद पहिल्या मालकाकडेच राहतो. पिंगच्या क्लबवर मात्र होसेलजवळ, म्हणजे शाफ्ट डोक्यात बसतो त्या नळीजवळ, रंगीत ठिपका असतो. ही रंगांची पद्धत त्यांनी १९७२ पासून चालवली आहे. काळा ठिपका म्हणजे त्यांच्या लेखी मानक लाय, लाल फ्लॅटकडे, निळा आणि हिरवा अपराइटकडे. पण ठिपका क्लब कारखान्यातून निघतानाचा लाय सांगतो. नंतर कुणी वाकवला असेल तर ठिपका काही बदलत नाही.

लांबी वाढली की लायही बदलतो

बहुतेकांची फसगत इथे होते. कोणी सेटचा लाय यंत्रावर मोजून दिला आणि आकडा मानक निघाला, तरी क्लब तुम्हाला मानक पडेलच असं नाही.

तुमचे हात जमिनीपासून जितक्या उंचीवर येतात तितकेच येणार. ती उंची तुमच्या हाता-पायांच्या लांबीवर आणि उभं राहण्यावर ठरते. त्याच उंचीवर लांब दांडी धरायची तर ती जास्त आडवी करावी लागते. शिडी भिंतीच्या ठरावीक उंचीला टेकवायची असेल तर लांब शिडीचे पाय भिंतीपासून दूर न्यावे लागतात, तसंच. दांडी आडवी झाली की डोक्याची टो वर उचलली जाते. फिटिंग करणारे अर्ध्या इंचाला साधारण १ अंश असा हिशोब धरतात. म्हणजे माझ्या सेटमधला एक इंच जास्तीचा मला २ अंश अपराइट पडत होता, आणि शिवाय डोकी आधीच २ अंश वाकवलेली. मिळून ४. वरचं वेजचं गणित मी हवेतून घेतलं नव्हतं. माझ्या १०५ यार्डांच्या वेज सहा ते आठ यार्ड डावीकडे जात होत्या.

त्यामुळे दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे : आधी लांबी, मग ग्रिप, लाय सगळ्यात शेवटी. मी अधीरपणे आधी लाय वाकवून घेतला असता तर ४ अंश फ्लॅट करावा लागला असता, आणि नंतर कधी जोड काढला असता तर सेट २ अंश जास्त फ्लॅट होऊन वेज उजवीकडे जायला लागली असती. शिवाय होसेल दोनदा वाकवला गेला असता.

लांबी : मनगटापासून जमिनीपर्यंत

नुसत्या उंचीवरून लांबी ठरवू नका. माझ्याच उंचीचा माझा भाऊ आहे, त्याचे हात माझ्यापेक्षा दोन इंच लांब आहेत. गोल्फचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, आणि दुसऱ्या कुणाला तरी मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजायला गेलात तर खांदा खाली येतो आणि माप चुकतं. हे माप साधारण ३४ ते ३७ इंच असेल तर बहुतेक तक्ते मानक लांबी सुचवतात. त्याखाली थोडं आखूड, त्यावर थोडं लांब. तक्त्यातक्त्यांत फरक असतो, तेव्हा हा आकडा सुरुवातीचा समजा. माझं माप साडेतेहतीस, म्हणजे मानक किंवा त्याहून पाव-अर्धा इंच कमी.

खरा निकाल फेसवरच्या खुणेने लागतो. व्हाइटबोर्डच्या मार्करने फेस रंगवा आणि बॉल मारा. बॉल लागला त्या जागची शाई उडते. दहा बॉलांचा ठसा हीलकडे गोळा होत असेल तर क्लब लांब असण्याची शक्यता, टोच्या बाजूला असेल तर आखूड. शक्यताच म्हणतो, कारण बॉलजवळ उभं राहण्याच्या सवयीनेही हे होतं. ३८ इंचांच्या सात नंबरवर माझे ठसे हीलकडे अर्धा इंच सरकलेले होते. जोड काढून ३७ केल्यावर ते मधोमध आले, म्हणून आणखी कापायचा विचार सोडला.

लांबी बदलली की क्लबचा तोलही बदलतो, हे विसरू नका. या तोलाला स्विंगवेट म्हणतात आणि तो अक्षर-आकड्यात मोजतात. पुरुषांच्या आयर्नला डी-शून्य ते डी-दोन हा नेहमीचा टप्पा. अर्धा इंच लांबीमागे साधारण तीन अंक हलतात. इंचभर वाढवलेल्या माझ्या सेटचं डोकं हातात जड लागायचं, स्विंगच्या शेवटी ओढल्यासारखं व्हायचं. जोड निघाला आणि ते गेलं. याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची. डी-दोनचा मानक सेट घेऊन तुम्ही इंचभर कापलात तर तो सी-सहावर येतो, डोकं कुठे आहे तेच हाताला कळत नाही. अर्ध्या इंचापर्यंत कापणं बहुतेकांना चालून जातं. त्यापुढे डोक्याला वजन वाढवावं लागतं, साधारण २ ग्रॅमला एक अंक, आणि तो खर्च धरला की दुसरा सेट शोधलेला बरा.

कापायचं ते नेहमी ग्रिपच्या टोकाने. आणि आधीच कुणी आखूड करून ठेवलेला सेट तुम्हाला वाढवायचा असेल तर इंचभर ही मर्यादा धरा. जोड त्याहून लांब झाला की शाफ्ट तिथे मोडायची भीती.

ग्रिप : जुन्या टेपचे थर मोजा

जोड दिसण्याच्याही आधी ग्रिप कापताना एक गोष्ट सापडली होती. ग्रिपखाली टेपचे पाच थर होते. त्या उंच माणसाचे पंजे मोठे असणार, त्याने मानक ग्रिपखाली टेप भरून ती जाड करून घेतली होती. बाहेरून ग्रिपवर मानक लिहिलेलं, प्रत्यक्षात हातात मिडसाइज.

म्हणून ग्रिपवर छापलेल्यावर जाऊ नका, व्हर्नियर कॅलिपर लावा. टोकापासून २ इंच खाली, चाप न देता. मानक पुरुषी ग्रिप तिथे ०.९० इंच, म्हणजे जवळपास २३ मिमी भरते. मिडसाइज तिच्यापेक्षा साधारण १/१६ इंच जाड, म्हणजे साडेचोवीस मिमीच्या आसपास. मास्किंग टेपच्या एका थराने व्यास १/६४ इंच, म्हणजे ०.४ मिमी वाढतो असं धरून काम करतात. ग्रिप चिकटवायला लागणारी दुतर्फा टेप यात मोजत नाहीत.

आणखी एक गोष्ट जाड-बारीक ठरवते आणि ती कुणी बघत नाही. ग्रिपच्या आतलं भोक ५८, ६० किंवा ६२ अशा आकड्याने ओळखतात आणि शाफ्टच्या टोकाचा व्यासही ०.५८०, ०.६०० किंवा ०.६२० इंच असतो. दोन्ही आकडे जुळले तरच ग्रिप छापल्या मापाची बसते. ६० च्या शाफ्टवर ५८ ची ग्रिप ओढली तर ती ताणली जाऊन जाड होते. ६२ ची चढवली तर बारीक राहते. ग्रिप आत कुठल्या आकड्याची आहे ते तिच्या तोंडाशी आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, बसवण्याआधी बघून घ्या.

तुम्हाला कुठली लागते? क्लब डाव्या हातात नेहमीसारखा धरा आणि मधलं व अनामिका ही दोन बोटं बघा. त्यांची टोकं अंगठ्याच्या खालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. नखं रुतत असतील तर ग्रिप बारीक. बोटं आणि तळवा यांत फट दिसत असेल तर जाड. माझ्या हातात त्या पाच थरांच्या ग्रिपमध्ये चांगली फट होती.

बारीक ग्रिपने बॉल डावीकडे जातो आणि जाड ग्रिपने उजवीकडे, असं सर्रास सांगितलं जातं. माझा अनुभव तसा नाही. माझ्या जाड ग्रिपने बॉल डावीकडेच जात होता, कारण लायची चूक तिच्यापेक्षा मोठी होती. ग्रिपचं माप दिशेच्या औषधासारखं वापरू नये असं माझं ठाम मत आहे. क्लब घट्ट आवळावा लागतो का, स्विंगच्या वर पोचल्यावर हातात सरकतो का, डाव्या हातमोज्याच्या तळव्यावर भोक पडतं का, हे प्रश्न विचारा आणि त्यांच्या उत्तरावर माप ठरवा.

बदलणं घरी जमतं. शाफ्ट ग्रॅफाइटचा असेल तर आकड्यासारख्या वळलेल्या पात्यानेच ग्रिप कापा आणि पातं बाहेरच्या बाजूला ओढा. सरळ पात्याचा एक ओरखडा शाफ्टच्या धाग्यांपर्यंत गेला की तो शाफ्ट पुढे तिथेच तुटतो. जुनी टेप पूर्ण खरवडून काढा. नवी दुतर्फा टेप गुंडाळा, टोकाला थोडी जास्त सोडून शाफ्टच्या तोंडात दुमडा. ग्रिपच्या वरच्या भोकावर बोट ठेवून आत मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर ओता आणि एका दमात ग्रिप चढवा. खिडक्या उघड्या, आसपास विस्तव नको. रात्रभर सुकू द्या. ग्रिपवर आडवी रेघ असेल तर ती फेसच्या खालच्या कडेला काटकोनात आहे ना ते पहिल्या मिनिटातच बघा, नंतर ती हलत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. जाड ग्रिप बहुधा जडही असते. ग्रिपचं वजन ४-५ ग्रॅमने वाढलं की स्विंगवेट एक अंक उतरतं. जोड काढला, टेप काढली, हलकी ग्रिप बसवली, असं सगळं एकदम केलंत तर शेवटी तोल काट्यावर मोजून घ्या.

लाय : बॉलवरची रेघ

आता लाय. क्लब फरशीवर ठेवून टो किती उचलली आहे ते बघणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा मार्ग. बॉलला लागताना हात उभं राहतानापेक्षा थोडे वर आलेले असतात आणि वेगामुळे शाफ्टही टोच्या बाजूने खाली वाकतो. उभं असताना टो थोडी वर दिसणं म्हणूनच साहजिक आहे. डिव्हॉटवरून ठरवायचं तर मऊ माती लागते. मार्च-एप्रिलात आपल्याकडची जमीन फरशीसारखी कडक होते आणि मॅटवर तर डिव्हॉट पडतच नाही.

मला विश्वासाची वाटते ती रेघेची चाचणी. स्वतःचा स्वच्छ, कोरडा बॉल घ्या. त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने जाड, सरळ रेघ काढा. बॉल मॅटवर असा ठेवा की रेघ फेसच्या समोर येईल आणि अगदी उभी राहील. सात नंबरने मारा. रेघ फेसवर उमटते. आता फेसचा फोटो समोरून काढा आणि ग्रूव्ह आडव्या धरून रेघ त्यांना काटकोनात आहे का ते बघा. काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलेलं असेल तर क्लब अपराइट पडतोय. हीलकडे झुकलं असेल तर फ्लॅट.

नुसत्या डोळ्याने बघू नका. उमटलेली रेघ दीड सेंटिमीटर लांब असते. ४ अंशांना तिचं टोक मिलिमीटरभर सरकतं, २ अंशांना अर्धा मिलिमीटर. म्हणून फोटो मोठा करून त्यावर ग्रूव्हला काटकोनात एक रेघ काढायची आणि कोन मोजायचा. निदान सहा बॉल मारा, आणि पातळ किंवा जमिनीत आधी आपटलेले सोडून उरलेल्यांची सरासरी घ्या. एका अंशाच्या आतला फरक या चाचणीत कळत नाही आणि माझ्यासारख्याच्या हातात तो महत्त्वाचाही नाही.

माझे आकडे असे आले. सेट होता तसा, म्हणजे जोड आणि जाड ग्रिपसकट, सहा बॉलांची सरासरी जवळपास ४ अंश टोकडे. जोड काढून, मानक ग्रिप बसवून, आठवडाभर खेळून झाल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा २ अंशांच्या थोडं खाली. आठवडा मुद्दाम जाऊ दिला. लांबी बदलल्या दिवशीच मोजलं तर शरीर जुन्याच अंतरावर उभं राहतं.

उरलेल्या २ अंशांसाठी सेट लॉफ्ट-लाय यंत्रावर नेला. तिथल्या काकांनी आधी फक्त सात नंबर घेतला, मोजला आणि ६४.५ आकडा सांगितला. या सेटचा कारखान्यातला ६२.५. हिशोब जुळला. मी म्हटलं, "काका, सगळे एकदम वाकवून टाका." ते म्हणाले, "आधी हा एक मारून या. पटला तर बाकीचे करू." त्यांचं बरोबर होतं. एक क्लब वाकवून रेघ बघायची आणि मगच बाकीच्यांना हात लावायचा. वाकवताना प्रत्येकाचा लॉफ्टही मोजून घ्या. सेकंडहँड सेटमध्ये कडक मॅटवर आपटून दोन नंबरांमधला लॉफ्टचा फरक अंश-दोन अंशांनी हललेला असू शकतो.

वाकवता येईल की नाही हे धातूवर ठरतं, आणि हे सेट घेण्याआधीच विचारायचं. मऊ कार्बन स्टीलची फोर्ज केलेली डोकी २-३ अंश निमूट वाकतात. ४३१ जातीचं कास्ट स्टेनलेस साधारण २ अंश देतं. १७-४ जातीचं कास्ट स्टेनलेस फार कडक, त्यात अंशभर मिळाला तरी नशीब, आणि होसेल तडकू शकतो. पोकळ डोक्याच्या आयर्न वाकवायच्या आधी तर दोनदा विचार करा. गॅरेजमधल्या शिकंज्यात धरून कुणी वाकवून देतो म्हणाला तर देऊ नका. डोकं नीट पकडलं गेलं नाही की लायबरोबर लॉफ्टही फिरतो आणि ते कळत नाही.

घेण्याआधीची दहा मिनिटं

खिशात टेप, व्हर्नियर आणि मार्कर. सगळ्या आयर्न भिंतीला टेकवून ओळीने उभ्या करा. ग्रिपची टोकं पायऱ्यांसारखी सारख्या उंचीने उतरली पाहिजेत. मध्येच एक पायरी चुकली तर त्या क्लबचा शाफ्ट बदललेला आहे. सात नंबर मोजा. ग्रिपवरून हलकेच बोट फिरवा, टोकापासून इंचभर खाली गाठ किंवा मऊ जागा लागते का बघा. तिथे जोड असू शकतो. ग्रिपचा व्यास घ्या. शक्य असेल तर सात नंबर आणि वेजने रेघेची चाचणी करून बघा.

मग हिशोब सोपा आहे. लांबी इंचभर जास्त असेल आणि ती जोडाची असेल तर काढता येते, घ्या. ग्रिप खराब असतील तर त्या कशाही बदलायच्याच असतात, किमतीत घासाघीस करा. लांबी तुमच्या मापाची झाल्यावर लाय २ अंशांच्या आत चुकत असेल आणि धातू मऊ असेल तर घ्या. ३-४ अंश चुकत असेल आणि डोकं कडक स्टीलचं असेल तर कितीही स्वस्त मिळत असला तरी तो सेट सोडा.

मला हे सगळं कळायच्या आधीच, याच सेटच्या जोडीला ५४ अंशांची एक सँड वेज मी वेगळीकडून घेऊन ठेवली होती. तिचं डोकं १७-४ स्टीलचं निघालं. रेघ २ अंश टोकडे. काकांनी बार लावला, अंशभर हलवली आणि हात काढून घेतला, "पुढे नेली तर तुटेल." ५४ अंशांच्या लॉफ्टला उरलेला तो एक अंश फेस जवळपास दीड अंश वळवतो. ८० यार्डांवर दोन यार्ड. ती अजून बॅगेत आहे आणि तिने मारताना मी झेंड्याच्या दोन पावलं उजवीकडे बघतो, फक्त तिने.